लॅपटॉपमध्ये दुसरी एसएसडी: स्लॉट आहे म्हणतात, पण त्यात बसेल काय?

निखिल_ऐरोली

नमस्कार मंडळी. माझ्याकडे लेनोवोचा १५ इंची आयडियापॅड आहे, रायझन प्रोसेसरवाला. वॉरंटी कधीच संपली. ५१२ जीबीची एसएसडी आता लाल पट्टी दाखवते, कारण बायकोच्या ऑनलाइन क्लासची रेकॉर्डिंग्ज. ती उडवायची सोय नाही, हे तुम्ही समजून घ्याल.

मामेभावाकडे बंद पडलेल्या लॅपटॉपमधून काढलेली ५०० जीबीची एम.२ एसएसडी पडून आहे. तो म्हणतो घेऊन जा. एका दुकानदाराला फोन केला तर त्याने "एम.२ आहे ना, मग बसणारच" म्हणून फोन ठेवला. तो इतक्या पटकन बोलला की मला शंका आली.

तर: माझ्या मशीनमध्ये दुसरा स्लॉट आहे की नाही, आणि असल्यास ही फुकटची एसएसडी त्यात चालेल की नाही, हे उघडण्याआधी कसं ओळखायचं?

---

जुना_खेळाडू

सोपं आहे. डीव्हीडी ड्राइव्ह काढा, त्या जागी कॅडी बसवा, कॅडीत अडीच इंची एसएसडी. मी स्वतः असे बरेच लॅपटॉप केलेत. फक्त कॅडी घेताना जाडी बघा, साडेनऊ मिलिमीटरची आणि पावणेतेराची अशा दोन येतात.

---

निखिल_ऐरोली

काका, यात डीव्हीडी ड्राइव्हच नाही हो. नेटवर्कची वायर खुपसायलासुद्धा जागा नाही ठेवलेली.

---

मंदार_कोपरी

निखिलभाऊ, एसएसडीचा सोनेरी दातांचा भाग बघा. एक खाच असेल तर एनव्हीएमई, दोन असतील तर साटा. स्लॉटमध्येही तसंच: आतला अडथळा बघायचा आणि जुळवायचं. जी आत जाते ती चालते. विषय संपला.

---

टेस्टपिन

विषय संपला नाही, मंदार. तुमचा नियम बहुतेक वेळा खरा ठरतो, म्हणूनच तो लोकांना फसवतो.

दोन खाचांची पट्टी साटा असण्याची शक्यता जास्त, हे मान्य. पण दोनच लेन वापरणाऱ्या काही स्वस्त एनव्हीएमई पट्ट्यांनाही दोन खाचा असतात. त्यामुळे खाचा मोजण्यापेक्षा लेबल वाचा. त्यावर साटा किंवा एनव्हीएमई/पीसीआयई यांपैकी काहीतरी छापलेलं असतं. नसेल तर मॉडेल नंबर शोधा.

आता "जी आत जाते ती चालते" याबद्दल. लॅपटॉपमधल्या एसएसडीच्या स्लॉटला सहसा एकच अडथळा असतो. त्यात एक खाचवाली पट्टी जाते आणि दोन खाचांवालीही जाते. म्हणजे साटा पट्टी आरामात बसेल, स्क्रूही लागेल, आणि मशीनला ती दिसणारच नाही. कारण स्लॉटच्या त्याच पिनांवर एक तर पीसीआयईची पहिली लेन येते किंवा साटाची जोडी. पट्टी कोणत्या जातीची आहे हे ती ६९ नंबरच्या पिनवरून सांगते: साटा असेल तर ती पिन ग्राउंडला जोडलेली असते, पीसीआयई असेल तर मोकळी. पण हे ऐकून घेणारी आणि साटा पोचवणारी जोडणी बोर्ड बनवणाऱ्याने केलेली असली तरच उपयोग. नव्या लॅपटॉपमध्ये बहुधा ती नसते. नुकसान काही होत नाही, नुसतं काही घडतच नाही.

म्हणून निखिल, तीन प्रश्न वेगळे ठेवा. स्लॉट किती लांबीचा, त्याच्यामागे काय जोडलंय, आणि तुमच्या नेमक्या मशीनवर तो सोल्डर केलेला आहे का. पहिल्या दोहोंचं उत्तर कागदावर मिळतं. तिसऱ्यासाठी झाकण उघडावं लागतं.

कागद असा शोधा: लॅपटॉपच्या पोटावरच्या स्टिकरवर मशीन टाइप असतो, चार अक्षरी-आकडी. तो `psref.lenovo.com` वर टाका आणि स्टोरेजचा भाग वाचा. इतर वाचकांसाठी: एचपीला `Maintenance and Service Guide` नावाची पीडीएफ असते, डेलला सर्व्हिस टॅग टाकला की मॅन्युअल येतं. मालिकेच्या नावावर भरवसा ठेवू नका. एकाच नावाखाली पाच वेगळे बोर्ड विकले जातात.

सध्याची एसएसडी काय आहे तेही बघून ठेवा. पॉवरशेलमध्ये:

```
Get-PhysicalDisk | Select FriendlyName, BusType, Size
```

---

अनघा_नौपाडा

टेस्टपिन यांच्या तिसऱ्या प्रश्नाला माझा दुजोरा. माझ्या लॅपटॉपच्या व्हिडिओत त्या माणसाने दुसऱ्या स्लॉटमध्ये एसएसडी खटकन बसवली होती. मी माझा उघडला तर त्या जागी बोर्डावर नुसत्या चकचकीत ठिपक्यांची रांग. पांढऱ्या रंगात स्लॉटची चौकट छापलेली, स्क्रूचं भोक आहे, कनेक्टरच नाही. मॉडेलचं नाव तेच, फक्त शेवटची दोन अक्षरं वेगळी.

दुरुस्तीवाल्याला विचारलं कनेक्टर लावून देता का. तो म्हणाला लावेन, पण आजूबाजूचे बारीक भागही नसतील तर चालेल याची हमी नाही. मी नाद सोडला आणि आतलीच एसएसडी मोठी केली.

---

निखिल_ऐरोली

धन्यवाद टेस्टपिन, अनघाताई. गृहपाठ केला.

कागद म्हणतो दोन एम.२ स्लॉट: एक २२४२, एक २२८०, दोन्ही पीसीआयई ३.० चार लेन. साटाचा उल्लेख नाही. मामेभावाकडून एसएसडीच्या लेबलचा फोटो मागवला, त्यावर साटा ६ जीबी/सेकंद असं स्वच्छ लिहिलंय. म्हणजे फुकटचं गेलं. कमांडमध्ये माझ्या चालू एसएसडीपुढे `NVMe` येतं.

आता हिशोब असा करतो: कागदावर २२४२ मध्ये जास्तीत जास्त ५१२ जीबी आणि २२८० मध्ये १ टीबी लिहिलंय. माझी ५१२ आहे, म्हणजे ती २२४२ मध्ये असणार आणि २२८० रिकामा. उद्या लॅमिंग्टन रोडला जाणं आहेच, तेव्हा २२८० ची घेऊन येतो. २ टीबी घ्यायची इच्छा आहे, पण १ टीबीची मर्यादा लिहिली आहे. ती पाळावी लागेल का?

---

टेस्टपिन

मर्यादेचं आधी सांगतो. तो आकडा कंपनीने तेव्हा स्वतः विकलेल्या आणि तपासलेल्या एसएसडींचा आहे. त्याच पानावर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की पुढे मोठी क्षमताही चालू शकेल. एनव्हीएमईमध्ये १ टीबी चालते आणि २ टीबी अडते असं माझ्या पाहण्यात नाही. फक्त चिप्स पट्टीच्या एकाच बाजूला असलेली घ्या. दोन्ही बाजूंनी चिप्स असतील तर पातळ लॅपटॉपमध्ये खालून बोर्डाला टेकते किंवा पट्टी कमानीसारखी वाकते. मोठ्या क्षमतेत, विशेषतः ४ टीबीत, हे जास्त दिसतं. आणि वर ॲल्युमिनियमचा हीटसिंक चिकटवलेली घेऊ नका, झाकण लागणार नाही.

पण लॅमिंग्टन रोडला जाण्याआधी झाकण उघडा. ५१२ आहे म्हणून ती २२४२ मध्येच आहे, हा तुमचा तर्क आहे, कागद तसं म्हणत नाही.

---

मंदार_कोपरी

उघडताना अंगातली स्थिर वीज घालवायला मनगटाचा पट्टा घ्या. एका स्पर्शात बोर्ड जातो.

---

टेस्टपिन

पट्टा असेल तर उत्तमच. नसेल तर एसीची खोली, सिंथेटिक चादर आणि नायलॉनचा कुडता टाळा आणि आधी एखाद्या धातूच्या नळाला हात लावा. आपल्याकडच्या जुलैच्या हवेत स्थिर वीज साचायची म्हटली तरी तिला कष्ट पडतात. माझी खरी काळजी वेगळी आहे: बॅटरीचा कनेक्टर काढल्याशिवाय एसएसडीला हात लावू नका. लॅपटॉप बंद असला तरी बोर्डाच्या काही भागात वीज असते, आणि निसटलेला स्क्रू नेमका तिथेच जाऊन पडतो.

---

निखिल_ऐरोली

उघडला. जे सापडलं ते वाचून तुम्ही हसाल.

झाकणाचे स्क्रू दोन लांबीचे निघाले, बिजागरीकडचे लांब. कागदावर लॅपटॉपची चौकट काढून त्या-त्या जागी टोचून ठेवले. बॅटरीची वायर काढली. एक एसएसडी दिसली, लांबलचक. तिच्या शेजारी एक छोटा रिकामा स्लॉट, त्याच्यापुढे चार-सव्वाचार सेंटिमीटरवर स्क्रूचा खुंट. म्हणजे रिकामा आहे तो २२४२!

मग त्या लांब एसएसडीकडे नीट पाहिलं. ती लांब नाहीच. आखूड एसएसडी आहे, तिच्या टोकाला पत्र्याची पट्टी जोडली आहे, आणि त्या पत्र्याचं दुसरं टोक ८० मिलिमीटरच्या खुंटावर स्क्रूने बसवलंय. २२४२ ची एसएसडी २२८० च्या घरात राहतेय.

आता काय? २२४२ ची नवीन शोधू? दोन दुकानांत फोन केला, एकाकडे नाही, दुसऱ्याकडे होती पण १ टीबीचीच, आणि भाव २२८० पेक्षा बराच चढा.

---

टेस्टपिन

वाटलंच होतं. कारखान्यात एकच आखूड एसएसडी सगळ्या मॉडेलांसाठी मागवली की साठा सांभाळायला सोपं जातं, मग लांब जागेत पत्रा लावून बसवतात.

नाव वाचायचं कसं ते एकदा कळलं की बाकी सोपं. २२ म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये, पुढचे आकडे लांबी. ३०, ४२, ६०, ८०, ११०. कनेक्टर सगळ्यांचा सारखाच, फरक फक्त टोकाचा स्क्रू कुठे येतो याचा. आखूड पट्टी लांब जागेत पत्रा लावून बसते. लांब पट्टी आखूड जागेत बसत नाही, मध्ये बॅटरी किंवा पंखा येतो.

तेव्हा २२४२ विकतच घेऊ नका. जुनी एसएसडी पत्र्यावरून सोडवा आणि तिच्या मापाच्या रिकाम्या स्लॉटमध्ये न्या. मोकळ्या झालेल्या लांब जागेत नवी २२८०. दोन्ही स्लॉट चार लेनचे आहेत, जुनीचा वेग कमी होणार नाही.

---

मंदार_कोपरी

अहो पण विंडोज त्या जुन्या एसएसडीवर आहे. स्लॉट बदलला की बूट होणार नाही, पुन्हा सगळं टाकावं लागेल.

---

टेस्टपिन

सहसा लागत नाही. यूईएफआयवाल्या मशीनमध्ये बूटची नोंद स्लॉटला नव्हे, एसएसडीवरच्या पार्टिशनच्या ओळखक्रमांकाला बांधलेली असते. पार्टिशन तेच, फक्त घर बदललं. नाहीच सापडलं तर बायोसच्या बूट यादीत `Windows Boot Manager` निवडायचं.

धोका बिटलॉकरचा आहे. विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं असेल तर होम आवृत्तीतही एन्क्रिप्शन आपोआप चालू झालेलं असू शकतं, आणि हार्डवेअर बदललेलं पाहून ते ४८ आकडी किल्ली मागू शकतं. ती `account.microsoft.com/devices/recoverykey` वर आहे का ते आधी बघा आणि फोनमध्ये उतरवून घ्या. त्याच लॅपटॉपवर सेव्ह करू नका, कृपया. मग टर्मिनल ॲडमिन म्हणून उघडून:

```
manage-bde -status C:
manage-bde -protectors -disable C: -RebootCount 0
```

पहिल्या ओळीत संरक्षण बंद दिसलं तर दुसरीची गरज नाही. शेवटचा शून्य महत्त्वाचा. तो नसेल तर एका रीस्टार्टनंतर संरक्षण परत चालू होतं, आणि तुम्हाला दोनदा तरी चालू-बंद करावं लागणार आहे.

दोनदा का, तर दोन्ही बदल एकदम करू नका. आधी फक्त जुनी हलवा, नवी बाहेरच ठेवा, मशीन सुरू करा. विंडोज आलं तर बंद करून नवी घाला. दोन्ही एकदम घातल्या आणि पडदा काळा राहिला तर दोष कुणाचा हे शोधण्यात रविवार जातो.

आणि बॅकअप. रेकॉर्डिंग्ज दुसरीकडे कुठे नसतील तर हात लावण्याआधी एक्स्टर्नलवर टाका.

---

खारघरची_मेघा

मध्येच विचारते. मी वरची कमांड माझ्या लॅपटॉपवर चालवली, त्यात `BusType` पुढे `RAID` येतंय. एकच एसएसडी असताना रेड कसं? दुसरी घालता येणार नाही का मग?

---

मंदार_कोपरी

रेड म्हणजे डिस्क जोडीने बांधलेल्या असतात. बायोसमध्ये जाऊन ते बंद करा, मग दिसेल.

---

टेस्टपिन

मेघा, थांबा, बंद करू नका! इंटेलचा लॅपटॉप असणार. तिथे व्हीएमडी नावाची सोय बायोसमध्ये चालू असली की एसएसडी इंटेलच्या ड्रायव्हरमागून दिसते आणि विंडोज तिला रेड म्हणतं, मग ती एकटी का असेना. ती सोय परस्पर बंद केली तर पुढच्या वेळी विंडोज निळा पडदा आणि `INACCESSIBLE_BOOT_DEVICE` दाखवेल. परत चालू केली की सहसा जागेवर येतं, पण उगाच घाम कशाला गाळायचा. दुसरी एसएसडी घालायला याची आडकाठी नाही, तीही त्याच ड्रायव्हरमागून दिसेल. विंडोज नव्याने टाकायचं असेल तेव्हा मात्र इन्स्टॉलरला तो ड्रायव्हर पेनड्राइव्हवरून द्यावा लागू शकतो.

---

खारघरची_मेघा

बरं झालं विचारलं. माझ्यात एम.२ एकच आहे, पण अडीच इंचीची जागा रिकामी दिसते. त्यासाठीची चपटी केबल मात्र बॉक्समध्ये आली नव्हती, आणि सर्व्हिस सेंटर पार्ट नंबर सांगत नाही.

---

टेस्टपिन

सर्व्हिस मॅन्युअलच्या सुट्या भागांच्या यादीत नंबर असतो, तिथे बघा. त्याआधी एक तपासा: बऱ्याच मालिकांत मोठ्या बॅटरीचा पर्याय घेतला की ती बॅटरी त्याच जागेत पसरते. तुमची जागा खरंच रिकामी असली तरी बोर्डावर केबलचा कनेक्टर आहे का ते पाहा. नसेल तर केबल घेऊनही ती लावायला जागा नाही.

---

निखिल_ऐरोली

झालं एकदाचं. क्रमाने सांगतो.

किल्ली खात्यात सापडली, बायकोच्या फोनमध्ये फोटो काढून ठेवला. बिटलॉकर थांबवलं. जुनी एसएसडी पत्र्यावरून सोडवायचा स्क्रू इतका बारीक आणि घट्ट होता की साधा स्क्रूड्रायव्हर त्याचं डोकं खाऊ लागला. मग पीएच० टोकाचा आणला, त्याने सुटला. रिकाम्या खुंटाला मुळात स्क्रूच नव्हता, पण पत्र्यावरचा तो बारीक स्क्रूच तिथे बसला.

जुनी हलवून सुरू केलं. काळा पडदा नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ राहिला, मी देवाचं नाव घेईपर्यंत विंडोज आलं. किल्ली मागितली नाही.

मग नवी २ टीबी, एका बाजूला चिप्सवाली, २२८०. तिरकी धरून आत सरकवली, सोडल्यावर ती तशीच वर उचलून राहते, दाबून स्क्रू लावला. सुरू केल्यावर `This PC` मध्ये काहीच नाही. पाच मिनिटं तोंडचं पाणी पळालं होतं.

---

टेस्टपिन

बायोसमध्ये दिसत होती ना?

---

निखिल_ऐरोली

हो, तिथे नावासकट होती. मग `diskmgmt.msc` उघडल्यावर त्यानेच विचारलं, जीपीटी निवडलं, न वापरलेल्या जागेवर राइट क्लिक करून नवीन व्हॉल्यूम केला. D: आला.

क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये नवीपुढे `PCIe 3.0 x4 | PCIe 4.0 x4` येतं. वेग ३,४०० एमबी/सेकंदच्या आसपास, खोक्यावर ७,००० लिहिलंय. फसलो का?

---

टेस्टपिन

नाही. डावीकडचं म्हणजे आत्ता चालू असलेली जोडणी, उजवीकडचं म्हणजे एसएसडीची ऐपत. तुमचा स्लॉट तिसऱ्या पिढीचा आहे, त्यातून साधारण ३,५०० च्या वर निघत नाही. डावीकडे `x2` किंवा `x1` दिसलं असतं तर पट्टी काढून पुन्हा नीट बसवा म्हटलं असतं. रेकॉर्डिंग साठवायला साटाचे ५५० सुद्धा पुरले असते.

बिटलॉकर परत चालू करा, विसराल:

```
manage-bde -protectors -enable C:
```

---

निखिल_ऐरोली

केलं. एक शंका उरली. ४० जीबी कॉपी करताना नवीचं तापमान ७१ पर्यंत गेलं. जुनीच्या वर झाकणाला करडी रबरासारखी पट्टी चिकटवलेली होती, आता ती पट्टी चुकीच्या जागी राहिली ना?

---

अनघा_नौपाडा

माझी ७५ ला जाते, वर्ष झालं, काही झालं नाही.

---

टेस्टपिन

७१ ला घाबरायचं कारण नाही, पण कॉपीचा वेग मध्येच अचानक पडतो का ते बघा. तापमान चढलं की पडत असेल तर एसएसडी स्वतःला आवरतेय. पण थोडी भरल्यावर पडतो आणि तापमान स्थिर असेल तर तिचा वेगवान कॅश भरलाय, त्याला पॅड लावून काही होणार नाही. ती करडी पट्टी लांब जागेवर होती म्हणजे ती आताही नवीच्या कंट्रोलरवर टेकत असू शकते. पण आखूड एसएसडीच्या चिप्स आणि लांब एसएसडीच्या चिप्स एका रेषेत नसतात. झाकण उघडाल तेव्हा पट्टीवर ठसा कुठे उमटलाय ते बघा.

---

जुना_खेळाडू

आणि मामेभावाची ती साटावाली? मला द्या, माझ्या जुन्या मशीनमध्ये लागेल.

---

निखिल_ऐरोली

काका, तिच्यासाठी यूएसबी केस घ्यायचा विचार आहे.

---

टेस्टपिन

केस घेताना दुकानदाराला नेमकं विचारा. फक्त एनव्हीएमईचा केस साटा पट्टी ओळखत नाही, अगदी तुमच्या स्लॉटसारखाच. साटाचा स्वतंत्र स्वस्त मिळतो, किंवा दोन्ही चालवणारा घ्या. आतली चिप आरटीएल९२१०बी असेल तर दोन्ही चालतात. शेवटचा "बी" नसेल तर फक्त एनव्हीएमई.